दाजींच्या गव्हाचा युरिया आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा हिशोब

«शेतकरी बांधवांनो, हिशोब करा! माती परीक्षणात नत्र आलं १९० किलो. २० क्विंटल गव्हाला नत्र लागतं फक्त ५० किलो. म्हणजे जवळजवळ चार पिकांचं नत्र जमिनीत पडूनच आहे. पिकाने नेलं तेवढंच परत द्या. शेणखत टाकलं तर तेही नको. अहवालात 'कमी' लिहितात ते खत खपवायला. पुढे पाठवा.»

असले मेसेज मी एरवी वाचून सोडून देते. हा दाजींनी पाठवला, तोही गहू पेरून अठरा दिवस झाल्यावर. खाली लिहिलं होतं, "आपला पण अहवाल १९०चाच आहे. या वेळी पेरणीला युरिया दिला नाही. बरोबर ना?" ताईने वेगळा फोन केला, की गहू पिवळट दिसतोय, जरा बघ.

आधी चार पिकांचा चमत्कार बघू, कारण तो निव्वळ बेरीज-वजाबाकीतच कोसळतो. अहवालातले १९० किलो हेक्टरी असतात. २० क्विंटल हा आपल्याकडे एकराचा हिशोब. हेक्टरी ते ५० क्विंटल होतात आणि क्विंटलला अडीच किलोप्रमाणे १२५ किलो नत्र लागतं. चार पिकं राहिली बाजूला, दोनसुद्धा भरत नाहीत. ज्याने एकर आणि हेक्टर एका ताटात कालवले, त्याच्या भरवशावर दाजींनी युरिया थांबवला!

पण खरी गफलत याच्या पुढे आहे. १९० किलो म्हणजे पिकाला मिळणारं नत्र असं मेसेजवाल्याने धरलंय. प्रयोगशाळेत काय करतात ते एकदा उभं राहून बघा. मातीत पोटॅशियम परमँगनेट आणि सोडियम हायड्रॉक्साईड घालून उकळतात, निघालेला अमोनिया बोरिक आम्लात धरतात आणि मोजतात. सुब्बय्या आणि असिजा यांची १९५६ची पद्धत. या उकळण्यात सेंद्रिय पदार्थातलं सहज सुटणारं नत्र बाहेर येतं. शेतात तेच काम जिवाणूंना करावं लागतं, हळूहळू, ओल आणि ऊब असेल तसं. आणि गहू उभा असतो थंडीत. म्हणून हा आकडा या जमिनीचा त्या जमिनीशी ताळा करायला कामाचा, पण तो पोत्यातल्या किलोसारखा वजा करायचा नसतो.

मग किती वजा करायचा? याचं उत्तर १९६७ सालीच देऊन झालंय. डॉ. राममूर्ती आणि सहकाऱ्यांनी सोनोरा-६४ या गव्हावर ठरावीक उत्पादनासाठी किती खत, हे बसवून दाखवलं. त्यात तीन गोष्टी शेतात मोजतात: एक क्विंटल धान्यामागे पीक किती नत्र उचलतं, अहवालातल्या आकड्यापैकी पिकाला किती टक्के लागू होतं आणि दिलेल्या खतापैकी किती टक्के. त्याच पद्धतीने राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आपल्याकडच्या गव्हासाठी दिलेलं समीकरण असं:

द्यायचं नत्र = ७.५४ × उद्दिष्ट − ०.७४ × मातीतलं नत्र

उद्दिष्ट हेक्टरी क्विंटलमध्ये, नत्र हेक्टरी किलोत. ७.५४ बघून दाजी म्हणाले, "अडीच किलो नेतो म्हणतेस आणि साडेसात मागतेस?" हो, कारण दिलेल्या खतापैकी साधारण तिसरा हिस्साच पिकाच्या पोटात जातो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो, पाणी जास्त झालं की नायट्रेट खाली जातं किंवा साचलेल्या जागी वायू होऊन निघून जातं, आणि काही भाग जिवाणू स्वतःसाठी धरून ठेवतात. अडीचला एक तृतीयांशाने भागा, साडेसात येतात. म्हणजे "नेलं तेवढंच परत द्या" हाही मुद्दा इथेच संपला.

आता याच समीकरणात युरिया शून्य ठेवून बघा. १९० गुणिले ०.७४ म्हणजे १४०.६, त्याला ७.५४ने भागलं तर हेक्टरी १८.६ क्विंटल. एकरी साडेसात. दाजींच्या जमिनीचं स्वतःचं नत्र एवढंच पीक पोसतं. मेसेजात मात्र वीस क्विंटल लिहिलेत.

उलट बाजूने चूक करणारेही आहेत. एकरी २० क्विंटल, म्हणजे हेक्टरी ५० घालून समीकरण चालवलं तर नत्र येतं २३६ किलो. एवढं ओतलं तर गहू लोळेल, तांबेरा वाढेल, पैसे वाया जातील. उद्दिष्ट मनातलं धरायचं नसतं. त्याच शेतात गेल्या काही वर्षांत चांगल्यात चांगलं जे पिकलं, त्याच्या आसपास धरायचं. दाजींना आजवर एकरी चौदाच्या वर मिळालेलं नाही. मग हेक्टरी ३५ धरा: २६३.९ वजा १४०.६, म्हणजे १२३ किलो. एकरी ४९. बागायती गव्हाची नेहमीची शिफारस हेक्टरी १२० किलोची आहे, तिच्या जवळच आलो. नत्र ११० आलं असतं तर याच उद्दिष्टाला १८२ किलो लागले असते, ३०० आलं असतं तर ४२. माती परीक्षणाचा उपयोग तो.

शेणखताचं मात्र थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करते. दाजींनी एकरी चार टन टाकलं होतं. अर्ध्या टक्क्याने त्यात २० किलो नत्र, पण पहिल्या हंगामात जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा सुटतो. सहा किलो वजा करा. पेरणीला डीएपीची एक गोणी दिली होती, तिचे ९ किलो वजा करा. ते बहुतेक जण विसरतात. उरले ३४ किलो. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणून ७४ किलो युरिया. पंचेचाळीसची गोणी धरली तर पावणेदोनला थोडा कमी.

'कमी' शेऱ्याबद्दल फार बोलत नाही. २८०च्या खाली कमी, ही हद्द देशात सर्रास वापरतात, दुकानदाराने ठरवलेली नाही. दुकानदार जास्त गळ्यात मारतात हे खरं, पण त्यावर उपाय वरचा हिशोब.

एक गोष्ट मात्र अहवालात तपासाच. काही ठिकाणी नत्र उकळून काढतच नाहीत, सेंद्रिय कर्बावरून अंदाजाने लिहितात. तसं असेल तर ०.७४चा गुणक लावू नका, तो परमँगनेटच्या आकड्यासाठी बसवलेला आहे. प्रयोगशाळेत पद्धत विचारली की कळतं. दाजींचा आकडा उकळून काढलेला होता, मी फोन करून विचारलं.

संध्याकाळी ताईने फोटो पाठवले. खालची पानं टोकाकडून पिवळी, वरची हिरवी. नत्र कमी पडलं की पीक जुन्या पानातलं काढून नव्याला देतं, म्हणून असं दिसतं. वरची पानं आधी पिवळी असती तर मी लोह किंवा गंधक बघितलं असतं. मुकुटमुळं फुटायची वेळ एकविसाव्या दिवसाच्या आसपास, तेव्हाच पहिलं पाणी. दाजींना सांगितलं, एकरी एक गोणी त्या पाण्याच्या वेळी द्या, टाकल्यावर लगेच पाणी सोडा, उरलेले तीसेक किलो दुसऱ्या पाण्याला. ते म्हणाले, "बरं. आणि तो मेसेज मी तीन ग्रुपवर टाकलाय, त्याचं काय करू?"