घोडं कुठे पेंड खातं

काल संध्याकाळी बसथांब्यावर माझ्याच छत्रीखाली माझा जो अपमान झाला, तो मी अजून विसरलेलो नाही आणि इतक्यात विसरणारही नाही. छत्री माझी, दुरुस्ती माझी, भिजलो मी, आणि वर "माफ करा" म्हणालो तेही मीच.

मागची कथा थोडक्यात. गेल्या आठवड्यात वाऱ्याने माझी लांब दांड्याची छत्री उलटी केली. आठ काड्यांपैकी एक सांध्याच्या पुढे, टोकाच्या बाजूला, मोडल्यासारखी दुमडली आणि वरचा घोडा तुटला. घोडा म्हणजे दांड्याच्या नळीतून बाहेर डोकावणारा तो त्रिकोणी खटका. छत्री उघडली की सरकती नळी त्याच्यावरून पुढे जाते, घोडा 'खट्' करून तिच्या खाली उभा राहतो आणि तिला परत खाली येऊ देत नाही. खालीही एक घोडा असतो, तो बंद छत्री सांभाळतो. तो धडधाकट होता. पण कामाचा घोडाच नेमका मेला होता.

रविवारी मी दुरुस्तीला बसलो. काडी पकडीने सरळ केली. छत्री उघडली, काडी पुन्हा तिथेच वाकली. पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकली. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. छत्रीची काडी म्हणजे भरीव सळई नाही, ती पन्हळ आहे. पोलादाची पातळ पट्टी दोन्ही कडा वळवून इंग्रजी यू अक्षरासारखी केलेली. १८५२ साली इंग्लंडमधल्या सॅम्युएल फॉक्स यांनी ही युक्ती काढली, त्याआधी छत्र्यांना देवमाशाच्या तोंडातल्या लवचिक पट्ट्यांच्या काड्या असत. पन्हळीचं सगळं बळ तिच्या उभ्या कडांत. एकदा दुमडली की त्या जागी कडा फाकून सपाट होतात, आणि काडी नुसती सरळ करून त्या परत उभ्या राहत नाहीत. मग पन्हळीच्या जागी उरतो पत्रा, आणि पत्रा दर वेळी तिथेच वाकणार. शिवाय दोनचारदा मागेपुढे केलं की तुटतोही.

म्हणून तिला खपाटी बांधायची, हाड मोडल्यावर बांधतात तशी. माळ्यावर एक मेलेली छत्री होतीच. (मेलेली छत्री कोणी टाकत नाही. ती अवयवदानासाठी ठेवलेली असते.) तिच्या काडीचा तुकडा कापला, दुखऱ्या जागेवर पन्हळीत पन्हळ बसवली आणि दोन्ही टोकांना मऊ तारेचे घट्ट वेढे दिले. तुकडा घेतला चांगला वीतभर. हात आखडता कशाला घ्या? उरलेल्या तारेतून एक घोडाही वळला. डोंगरासारखा छान त्रिकोण, दोन्हीकडे सारखा उतार. खाचेत बसवला, छत्री उघडली. खट्! पाच वेळा उघडून दाखवली. घरच्यांनी "वा" म्हटलं, टीव्हीवरची नजर न काढता.

आता कालचा प्रसंग. थांब्यावर मी एकटा, पाऊस चांगलाच. तेवढ्यात डोक्यावर बॅग धरलेला एक गृहस्थ पळत आला आणि न विचारता माझ्या छत्रीत शिरला. वय साठीच्या पुढचं, केसांना कलप, चष्म्याच्या काचांवर थेंब. चष्मा शर्टाच्या टोकाने पुसला, डोळ्यावर चढवला आणि वर बघितलं. आभार मानेल असं मला वाटलं.

"ही तार कोणी लावली?"

"मी."

"वाटलंच." मग जरा थांबून, "काका, तुम्ही इलेक्ट्रिशियन का?"

काका! हा माणूस माझ्यापेक्षा किमान बारा वर्षांनी मोठा असेल. मी नाही म्हणालो.

"मग?"

या 'मग'ला उत्तर नसतं. मी रस्त्याकडे बघू लागलो. बस येत नव्हती. बस न येण्याविषयी माझं स्वतंत्र मत आहे, पण ते इथे नको, लेख वाहून जाईल. इकडे तपासणी चालूच. आधी त्याने काड्या मोजल्या, बोट लावून, मोठ्याने. आठ भरल्या तेव्हा तो थोडा निराश झाल्यासारखा दिसला. मग मागे सरकून एक डोळा मिटला, सुतार फळीची धार बघतो तसा.

"तुमच्या एक लक्षात आलंय का? ही तारवाली एकटी सरळ आहे. बाकीच्या सात वाकड्या."

"अहो, उघडल्यावर काड्या वाकतातच. कापड ताणतं ना त्यांना. म्हणून तर घुमट होतो. बंद केली की सरळ."

"म्हणजे वाकडी ती बरोबर आणि सरळ ती चूक?"

"हो."

"मग तुम्ही चुकीची का केलीत?"

मला राग आला तो इथे. कारण मुद्दा बिनतोड होता. माझी वीतभर खपाटी इतकी ताठ झाली होती की ती काडी लवतच नव्हती. सगळा बाक खपाटी संपते तिथे गोळा झाला होता आणि तिथे नवा कोपरा पडायला लागला होता. रविवारी तो मला दिसला नव्हता. या माणसाला, शर्टाने पुसलेल्या चष्म्यातून, दीड मिनिटात दिसला. शिवाय छत्री मिटली की आतली आधारकाडी नेमकी याच भागाला चिकटून झोपते. तिथे आता खपाटीचं उसं लागलं होतं आणि मिटलेल्या छत्रीला पोट सुटलं होतं, तिची पट्टी बटणापर्यंत पोचत नव्हती. हे त्याने अजून पाहिलं नव्हतं, एवढंच समाधान.

पण स्वतःच बरोबर असणं या माणसाला पुरलं नाही. "बघू," म्हणत त्याने शेजारच्या चांगल्या, निरोगी, कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात अशा काडीला अंगठा लावला आणि ती सरळ करायला वर दाबली.

"अहो, नको!"

"थोडीशीच."

छत्रीला हिसका बसला. माझा घोडा, डोंगरासारखा, दोन्हीकडे सारखा उताराचा, मऊ तारेचा घोडा, हळूच मान खाली घालून खाचेत बसला. सरकती नळी त्याच्यावरून घसरगुंडीसारखी खाली आली आणि छत्री आम्हा दोघांवर मिटली.

आत अंधार. ओल्या कापडाचा वास. कलपाचाही.

"काका," अंधारातून आवाज आला, "हे असंच होणार होतं."

त्यात माझ्या तारेचं पीळ दिलेलं टोक, जे मी काडीला घट्ट चिकटवून दाबायला हवं होतं, त्यावर चिकटपट्टी लावायला हवी होती, आणि मी केलं नव्हतं, ते त्याच्या केसांत अडकलं. मला छत्री वर उचलता येईना, त्याला डोकं खाली घेता येईना. थांब्यावर तोवर चार माणसं जमली होती आणि चौघांकडे चांगल्या छत्र्या होत्या. एका बाईंनी त्याला सोडवलं. तो म्हणाला, "आता धनुर्वाताचं इंजेक्शन आलं." मी म्हणालो, "माफ करा." तो त्या बाईंच्या छत्रीत गेला. मी भिजत राहिलो. बस आणखी वीस मिनिटांनी आली.

रात्री सगळं सोडलं. वीतभर खपाटी काढून बोटाच्या दोन पेरांएवढीच, म्हणजे पाचेक सेंटिमीटर ठेवली. दुमड मधोमध, दोन्हीकडे अडीच-अडीच. पीळ कापडापासून लांबच्या बाजूला, टोक पन्हळीत दाबलेलं, वर चिकटपट्टीचा एकच वेढा. पोट कमी झालं. त्याने सरळ केलेल्या काडीला अंगठ्याएवढा पोचा आला आहे, तिलाही खपाटी लागणार. ती मी अजून बांधलेली नाही. बांधताना फार राग येईल.

घोडं मात्र खरं पेंड खात होतं ते तारेत. बांधायची तार वाकवली की वाकलेलीच राहते, म्हणून तर ती बांधायला बरी. घोड्याला उलटा गुण हवा. दाबला की दबायचं आणि सोडला की पुन्हा उभं राहायचं. तार जरा वाकवून सोडून द्या, परत आली तर स्प्रिंगच्या कामाची, नाही आली तर नाही. इतकी सोपी परीक्षा मी रविवारी घेतली नाही. परीक्षेत पास झाली ती मोठ्या सेफ्टी पिनची सरळ बाजू. कापताना फडक्यात धरली, कारण कडक तारेचा तुकडा गोळीसारखा उडतो. वाकवायला जड जाते म्हणून गॅसवर लाल करायचा मोह झाला होता, तो आवरला. लाल केली की तिचा कडकपणा जातो आणि पुन्हा तीच बांधायची तार हातात येते. टोकदार कोपरा करायला गेलो तर पहिली पिन ताडकन मोडली, म्हणून दुसरी गोल तोंडाच्या पकडीवर हळू वळवली.

आणि आकार. डोंगर नाही. मुठीच्या बाजूला लांब, सावकाश चढ, म्हणजे नळी वर जाताना घोडा आपसूक दबतो. टोकाच्या बाजूला जवळजवळ उभा कडा, म्हणजे नळी परत येताना तिथे अडते. एक पाय छोट्या भोकात पक्का, दुसरा खाचेत मोकळा. दोन्ही पक्के केले तर घोडा दबणार कुठे? अंगठ्याने वीसदा दाबून पाहिला. विसाव्यांदाही पहिल्याइतकाच उंच उभा राहिला. मी कोणाला बोलावलं नाही.

आज सकाळी पाऊस नव्हता. तो थांब्यावर होता. मी लांब उभा राहिलो, तो जवळ आला. वाकून माझ्या मिटलेल्या छत्रीच्या दांड्याकडे, कापडाच्या फटीतून, पाहू लागला.

"पिन का?"

"हो."

"कापलेलं टोक?"

"आत आहे."

"गंजेल," तो म्हणाला.

पिनेला वरून मुलामा असतो, कापलेल्या तोंडाला नसतो. तेलाचा एक थेंब सोडायचा राहिलाच होता. बस आली, तो आधी चढला आणि खिडकीची जागा त्याला मिळाली.