दोन बुकिंगांमधला सोमवार

मेहुण्याचा जुळे सोलापुरातला फ्लॅट रिकामा पडून होता, म्हणून त्याने तो ॲपवर टाकून पाहुण्यांना रोजच्या भाड्याने द्यायचं ठरवलं. मेहुणा पुण्यात, फ्लॅट सोलापुरात आणि किल्ली माझ्याकडे. धंद्यातली माझी भागीदारी एवढ्यावरूनच ओळखावी.

"दाजी, तुम्हाला काहीच करायचं नाही. फक्त किल्ली द्यायची. नियम मी लावलेत, बाकी ॲप बघतं."

नियम दोनच होते. एक, किमान दोन रात्रींचं बुकिंग. एका रात्रीसाठी चादरी कोण धुणार? दोन, प्रत्येक बुकिंगला साफसफाईसाठी एक दिवस मोकळा. ऐकायला दोन्ही शहाणपणाचे, आणि एकेकटे पाहिले तर होतेही. गोंधळ ते एकत्र नांदायला लागल्यावर सुरू झाला.

एका शुक्रवारी लातूरचं कुटुंब आलं. शुक्रवार, शनिवार राहिलं, रविवारी गेलं. पुढच्या बुधवारी हैदराबादहून मंडळी यायची होती, त्यांच्याही दोन रात्री. मी ॲपमधलं कॅलेंडर उघडलं तर निम्म्याहून जास्त चौकोन राखाडी. रविवारची रात्र बंद, ते समजलं. पण शुक्रवारच्या आधीचा गुरुवारही बंद! साफसफाईचा दिवस ॲप बुकिंगच्या पुढेही लावतं आणि मागेही. शुक्रवारी येणाऱ्यांसाठी घर आदल्या दिवशी तयार हवं, असा त्याचा सोवळा हिशोब. म्हणजे बुधवारच्या हैदराबादकरांसाठी मंगळवार बंद, आणि ते गेल्यावर शुक्रवार बंद. तोही परत शनिवारला चिकटलेला शुक्रवार!

रविवार बंद, मंगळवार बंद, मधे सोमवार एकटा. सोमवार बंद नव्हता बरं का. कॅलेंडरमध्ये तो पांढराशुभ्र होता, त्यावर १८०० रुपये भाडंही लिहिलेलं होतं. फक्त तो कुणालाच घेता येत नव्हता, कारण किमान दोन रात्री हव्यात आणि दुसरी रात्र शेजारी नाही. इचलकरंजीहून कोर्टाच्या तारखेला येणारे माझे एक स्नेही ॲपवर सोमवारची रात्र शोधत होते. त्यांना आमचा फ्लॅट दिसेचना. मी फ्लॅटच्या दारात, किल्ली हातात, आत माणूस नाही, आणि फोनवर ते सांगताहेत, "अहो, तुमचं घर तर यादीतच नाही!"

गुरुवार ते पुढचा शुक्रवार या नऊ रात्रींत पैसे चार रात्रींचे आले. मेहुण्याने फोन केला, "दाजी, सोलापूरला मागणीच नाही वाटतं. भाडं कमी करू का?" दुखणं पोटात आणि मलम गुडघ्याला. तो सोमवार १८०० चा ९०० केला असता तरी रिकामाच राहिला असता. खरंच मागणी नसली, तर लोक घर बघतात आणि पुढे जातात. इथे लोकांना घर दिसतच नव्हतं. पारख सोपी आहे: पाहुणा असल्यासारखं आपणच ती एक तारीख टाकून शोधायचं.

मी घरी सांगितलं, साफसफाईचा दिवस काढून टाकू. पण हा विषय फ्लॅट आवरणाऱ्या मावशींच्या अखत्यारीतला. त्यांना विचारलं, घर आवरायला वेळ किती लागतो?

"आवराया काय, दोन-अडीच तास. पन चादरी? नळ कवा यील ते सांगा आदी."

इथे सगळं उलगडलं. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं, हे पुण्यातल्या मेहुण्याला माहीत असून विसरायला झालं होतं. त्यात घरात त्याने हौसेने खास सोलापुरी चादरी ठेवलेल्या. पाहुणे त्यांचे फोटो काढतात. धुवायची पाळी आली की ती चादर ओली होऊन म्हशीएवढी जड होते, आणि पावसाळ्यात वाळायला कुरकुरते. तो अख्खा मोकळा दिवस घर झाडायला लागतच नव्हता. तो दोरीवरच्या चादरींसाठी होता.

मग आम्ही कपडे धुण्याचा आणि घर आवरण्याचा संबंध तोडला. प्रत्येक पलंगाला पलंगपोस, अभ्रे आणि टॉवेलांचे तीन जोड: एक पलंगावर, एक धुण्यात, एक कपाटात. सोलापुरात टॉवेल महाग पडले असं म्हणायची कुणाची टाप नाही. जाण्याची वेळ सकाळी अकरा, येण्याची दुपारी दोन, आणि ॲपमधला मोकळा दिवस शून्य. मावशी आधी न्हाणीघर, मग स्वयंपाकघर, मग पलंग आणि शेवटी फरशी असं करतात. कारण आधी फरशी पुसली की ती दोनदा पुसावी लागते. दोन्ही बुकिंगं लागोपाठ असली, तर अकराच्या पाहुण्याने बारा वाजवू नयेत, एवढीच त्यांची अट.

किमान दोन रात्रींवर मात्र मेहुणा अडून बसला. "एका रात्रीत परवडत नाही." हे खोटं नव्हतं. मावशी, धुणं, साबण मिळून एका आवराआवरीला ५०० रुपये जातात. दोन रात्रींच्या ३६०० मधून ते गेले तर रात्रीमागे १५५० उरतात, एका रात्रीत १३००. पण रिकाम्या रात्रीत उरतो शून्य. तडजोड अशी झाली: एरवी दोन रात्री, पण दोन बुकिंगांमध्ये एकच रात्र अडकली तर तेवढ्या तारखेला किमान एक, आणि भाडं २०००. स्वस्त नाही, महाग! ज्याला नेमकी तीच रात्र हवी, तो दोनशेसाठी पाठ फिरवत नाही. कोर्टाची तारीख काही सवलतीत मिळत नाही.

भाड्याचंही तेच. ॲपच्या मते आठवड्यात शुक्रवार-शनिवारच्या रात्री महाग, बाकी स्वस्त. ॲपला देव माहीत नाहीत. आमच्याकडे मुक्काम करणारे अक्कलकोटला गुरुवारी जातात, म्हणजे रात्र बुधवारची. तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, पंढरपूरला एकादशी. म्हणून आता सासूबाई भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसतात आणि मी मोबाइलमध्ये भाडं चढवतो.

सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला मेहुण्याने परस्पर १३ जानेवारीपासून किमान चार रात्री लावल्या. गर्दी मोठी, एकगठ्ठा बुकिंग येईल हा त्याचा होरा. पण आमच्या ॲपमध्ये हा नियम येण्याच्या तारखेला लागतो, राहण्याच्या नाही. एका हुशार जोडप्याने १२ तारखेचं येणं टाकलं, जुन्या दोन रात्रींच्या नियमात बसलं आणि १४ ला सकाळी मोकळं झालं. मागे उरलेल्या १४ च्या रात्रीला परत चार रात्रींची अट. यात्रेतला अक्षता सोहळा बघून एक मुक्काम करणारा माणूस १८ पर्यंत इथे काय करणार? आता मी यात्रेतही किमान दोनच्या वर जात नाही.

अर्थात त्या वर्षी १४ तारीख रिकामी राहिली नाही. सासऱ्यांच्या आत्या सहकुटुंब आल्या. त्यांना किमान रात्रींची अट लावून उपयोग नव्हता. ॲपमध्ये कमाल रात्रींचीही सोय आहे, पण त्या ॲपवरून आल्याच नव्हत्या.