दोन निकषांनी SORTBY बिघडत नाही

«एक्सेलच्या SORTBY मध्ये दोन निकष दिले की पगाराचा क्रम चुकतो. म्हणून आधी विभागाने यादी लावा, मग ते अख्खं सूत्र दुसऱ्या SORTBY मध्ये घालून पगाराने उतरत्या क्रमाने लावा. पगारवाढ झाली की यादी पुन्हा लावा.»

सल्ल्यातला मधला भाग सगळ्यात घातक आहे, कारण तो चुकीचं उत्तर देतो आणि एरर मात्र दाखवत नाही. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या छोट्या कारखान्याची यादी घ्या. A रकान्यात नाव, B मध्ये विभाग, C मध्ये पगार. दुसऱ्या ओळीपासून क्रमाने: सुजाता, स्टोअर, 31000; महेश, लेखा, 42000; फरीदा, स्टोअर, 38000; विनय, लेखा, 55000. सल्ल्याप्रमाणे सूत्र असं होतं:

```
=SORTBY(SORTBY(A2:C5,B2:B5,1),C2:C5,-1)
```

यातून फरीदा, विनय, सुजाता, महेश असा क्रम येतो. ना विभाग एकत्र, ना पगार उतरता. आतल्या SORTBY ने माणसं हलवली, पण बाहेरचा C2:C5 मूळ जागीच राहिला. त्यामुळे विनयचा 55000 चौथ्या जागी आलेल्या फरीदाच्या नावे मोजला गेला. ओळी दोन्हीकडे चारच, म्हणून एक्सेलला खटकण्यासारखं काही नाही. चाळीस जणांच्या यादीत हे कोणाच्या लक्षात येणार? आणि निकष नीट जुळवून दिला तरी बाहेरचा निकषच वरचढ ठरतो, म्हणजे यादी पगारानेच लागते आणि विभाग फुटू शकतात.

दोन निकष एकाच सूत्रात द्यायचे, महत्त्वाचा आधी:

```
=SORTBY(A2:C5,B2:B5,1,C2:C5,-1)
```

आता विनय, महेश, फरीदा, सुजाता. -1 फक्त त्याच्या आधीच्या पगाराच्या निकषाला लागतो, विभाग चढत्या क्रमानेच राहतो.

मग काहींचा पगाराचा क्रम खरंच चुकतो तो का? बहुतेकदा पगार मजकूर म्हणून साठलेला असतो. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून यादी आणली की हे सर्रास होतं. उतरत्या क्रमात एक्सेल मजकूर आकड्यांच्या वर ठेवतं, त्यामुळे कमी पगाराचा माणूस विभागात पहिला दिसतो. शेजारी =ISNUMBER(C2) लिहून खाली ओढा, FALSE येईल तिथे गडबड. मूळ पगार आकड्यात बदलणं उत्तम. तोवर निकषात C2:C5 ऐवजी VALUE(C2:C5) चालतं.

पगारवाढीनंतर काहीच करावं लागत नाही, मूळ आकडा बदलताच यादी आपोआप हलते. धोका वेगळाच आहे: निकालाशेजारी हाताने लिहिलेले शेरे तिच्याबरोबर हलत नाहीत. विनयचा शेरा महेशसमोर जातो. शेरे मूळ यादीतच चौथ्या रकान्यात लिहा आणि सूत्रात A2:D5 घ्या.

एक्सेल 2019 मध्ये SORTBY नाहीच, तिथे #NAME? दिसेल. तिथे डेटा टॅबमधल्या सॉर्टमध्ये दोन लेव्हल द्या. मात्र तिथे पगार बदलला की खरंच पुन्हा सॉर्ट करावं लागतं.