रबर तेच असेल, पण जाडी बघा

"कस्टम माउथगार्ड म्हणजे डेंटिस्टचा धंदा. मटेरियल तेच असतं. दुकानातला उकळून चावायचा गार्ड घ्या, तेवढंच काम करतो. आणि दात पडलाच तर आता इम्प्लांट आहेत की."

खेळताना दातांवर घालायच्या माउथगार्डबद्दल हे वाचलं. मी स्वतः डेंटिस्ट आहे, दातांचं माप घेऊन कस्टम गार्ड बनवून देते, त्यामुळे जे खरं आहे ते आधीच मान्य करते. मटेरियल बहुतेक वेळा खरंच तेच असतं, ईव्हीए, चपलांच्या सोलमध्ये वापरतात तेच. पण धक्का सोसायला नुसतं मटेरियल पुरत नाही, दातावर ते किती जाड उरलंय त्यावर सगळं आहे, आणि उकळलेल्या गार्डची गडबड नेमकी तिथेच होते. मऊ झालेला गार्ड तोंडात घातला की मुलं जीव खाऊन चावतात, दात आत रुततात आणि तिथलं रबर बाजूला सरकतं.

परवाच हॉकी खेळणारा पंधरा वर्षांचा एक मुलगा आपला गार्ड घेऊन आला होता. मी तो खिडकीकडे धरला तर दाढांच्या खुणांमधून आरपार उजेड दिसत होता, मोजला तर तिथे अर्धा मिलिमीटर पण नाही, आणि पुढच्या वरच्या दातांवर, जिथे स्टिक लागते तिथे, जेमतेम दीड. साधारण 3 मिमी ओठाच्या बाजूला, 2 मिमी चावायच्या जागी आणि 1 मिमी टाळूकडे एवढं तरी असावं असं आम्ही धरतो. शिवाय उमासे येतात म्हणून त्याने मागची टोकं कात्रीने कापून टाकली होती, मग गार्ड बसणार कशावर? दात आवळून धरला तरच राहायचा, धावून धाप लागली, तोंड उघडलं की खाली. ही टेस्ट घरी पण करता येते बरं का: तोंड मोठं उघडा, जीभ लावू नका, गार्ड सुटून पडला तर तो खेळताना पण पडणार.

आता कस्टम म्हटलं की डोळे मिटून घ्या असंही मी सांगणार नाही. दाताचं माप घेऊन प्लास्टरचा साचा करतात, त्यावर तापवलेली शीट व्हॅक्यूमने ओढतात, आणि ओढताना ती शीटही ताणून पातळ होते, जास्त करून पुढच्या दातांच्या कडेवर. म्हणजे 3 मिमीची शीट वापरली तर हातात 3 मिमीचा गार्ड येत नाही. म्हणून मी लॅबला दोन थर प्रेशरखाली चिकटवून करायला सांगते आणि आला की कॅलिपर लावून बघते, तुम्ही पण डॉक्टरांना पुढची जाडी मोजून दाखवायला सांगा, त्यात संकोच कसला.

सहा ते बारा वर्षांच्या मुलांना मात्र मी उकळायचाच सुचवते, कारण दुधाचे दात पडत असतात, नवे येत असतात, कस्टम केला तर थोड्याच महिन्यांत बसेनासा होतो. फक्त तो नीट बसवा. पाकिटावर लिहिलेत तेवढेच सेकंद पाण्यात ठेवा, आरशासमोर वरच्या दातांवर मधोमध बसवा, हळूच दात टेकवा, चावायचं नाही, मग गालावरून आणि ओठावरून बोटांनी दाबत आतली हवा ओढून घ्या, जीभ टाळूला लावा, आणि काढून लगेच गार पाण्यात. ब्रेसेस असतील तर हे घरी करूच नका, मऊ रबर ब्रॅकेट्समध्ये अडकतं, त्यासाठी ऑर्थोडॉन्टिस्टकडेच जा.

इम्प्लांटचं वाचून मला खरंच काळजी वाटली, कारण दात पाडून घेणाऱ्यांत शाळकरी मुलं किती असतात ते मी बघते. त्या वयात इम्प्लांट बसवतच नाहीत. आपला दात जबड्याबरोबर खाली सरकत वाढतो, इम्प्लांट हाडात घट्ट बसलेला असतो, तो जागचा हलत नाही, त्यामुळे चौदाव्या वर्षी बसवला तर काही वर्षांनी शेजारचे दात खाली येतात आणि हा मधेच आखूड दिसतो. म्हणजे वाढ पूर्ण होईपर्यंत काढता-घालता येणारा दात किंवा शेजारच्या दाताला चिकटवलेला ब्रिज, कित्येक वर्षं.

म्हणून पक्का दात मुळासकट पडला तर तोच वाचवायची धडपड करा. पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात नको, माती लागली असेल तर दुधाने हलकेच धुवा, घासू नका, मूल शुद्धीवर असेल तर तिथल्या तिथे खाचेत परत बसवा आणि रुमाल चावून धरायला सांगा. जमलं नाही तर दात थंड दुधात बुडवून अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पोचा. दुधाचा दात असेल तर परत बसवायचा नाही, खालच्या पक्क्या दाताला इजा होऊ शकते.