व्हिसासाठी तिकीट-हॉटेलचे लाखभर रुपये आधीच अडकवायची गरज नाही

"युरोपचा व्हिसा पाहिजे असेल तर विमानाचं तिकीट आणि सगळी हॉटेलं फुल पेमेंट करून नॉन-रिफंडेबलच काढा. कॅन्सल होणारं बुकिंग दिसलं की ऑफिसरला संशय येतो आणि रिजेक्ट होतं. एवढे पैसे नसतील तर पाचशे रुपयात डमी तिकीट मिळतं, ते लावा, आणि फाईल जमा झाली की सगळं कॅन्सल करून टाका. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या सगळ्या ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज मला तीन ग्रुपवरून आला, आणि चौथ्यांदा शहापूरच्या माझ्या मावशीने पाठवला, तेव्हा ती आणि काका एफडी मोडायला बँकेत निघाले होते. मी फोन करून म्हटलं मावशी, थांब गं, आज संध्याकाळी मी येतो, तोवर कुठेच पैसे भरू नका. त्या संध्याकाळी त्यांना जे सांगितलं तेच इथं लिहितोय.

पहिलं, फुल पेमेंटचं. शेंगेन म्हणजे युरोपातले ज्या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं ते देश, त्यांचा व्हिसा ज्या नियमावर चालतो तो व्हिसा कोड 2009 चा आहे, आणि त्याच्या जोडपत्रात परत जाण्याचा पुरावा म्हणून जे लिहिलंय ते "परतीच्या तिकिटाचं रिझर्व्हेशन किंवा परतीचं तिकीट" असं आहे. म्हणजे रिझर्व्हेशन पण चालतं. राहण्यासाठी हॉटेलचा कागद किंवा राहायची सोय काय ठरवलीय ते दाखवणारा दुसरा योग्य कागद, नातेवाईकाकडे राहणार असाल तर त्याचं निमंत्रण. पैसे भरून पावती जोडा असं त्यात कुठंही नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं तर स्पष्ट सांगतं की व्हिसा हातात येईपर्यंत तिकीट काढू नका, आणि ब्रिटनच्या कागदपत्रांच्या मार्गदर्शनात हॉटेल आणि विमानाचं बुकिंग पाठवू नका असंच लिहिलेलं आहे, फक्त तिथून पुढं दुसरीकडं जाणार असाल तर तिकिटाचं वेगळं. फक्त एक गोष्ट आहे, प्रत्येक देश आपली चेकलिस्ट काढतो, तर ज्या देशाकडे अर्ज करणार त्याची चालू चेकलिस्ट आधी वाचा, ग्रुपवरची नको.

आता कॅन्सल होणारं बुकिंग म्हणजे संशय, हे. बघा वो, ऑफिसरला तुमच्या कार्डातून पैसे गेले की नाही यात रस नसतो, त्याला बघायचं असतं की प्लॅन जुळतोय का. तारखा जुळतात का, प्रत्येक रात्रीचा पत्ता आहे का, आणि ज्यांचा अर्ज आहे त्यांचंच नाव बुकिंगवर आहे का. गडबड खरी इथंच होते आणि लोक उगीच पेमेंटला दोष देतात.

मावशीचाच प्लॅन घ्या. 4 सप्टेंबरच्या रात्री बेंगळुरूहून निघायचं, 5 ला पॅरिस, तिथं तीन रात्री, मग ट्रेनने इंटरलाकेन चार रात्री, मग रोम तीन रात्री, आणि 15 ला रोमहून परत. दहा रात्री झाल्या. यात सगळ्यात जास्त रात्री स्वित्झर्लंडच्या, म्हणून अर्ज स्वित्झर्लंडकडे. आधी त्यांचा एजंट म्हणत होता की फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते तर पॅरिसच्या सात रात्री दाखवू आणि नंतर बदलू. मी तिथंच नको म्हटलं, कारण प्लॅन एक आणि जाणार दुसरीकडे हीच ती गोष्ट आहे जिच्यावर व्हिसा नाकारला जातो. रात्री सारख्या असतील तर जिथं पहिलं पाऊल पडतं त्या देशाकडे अर्ज, एवढा साधा नियम आहे.

हॉटेलं आम्ही मोठ्या साइटवरून घेतली, फिल्टरमध्ये फ्री कॅन्सलेशन आणि हॉटेलवर पेमेंट दोन्ही टिक करून. फ्री कॅन्सलेशन कुठल्या तारखेपर्यंत आहे ते मात्र डोळ्यात तेल घालून बघायचं. अपॉइंटमेंट 2 जुलैला होती, निर्णय साधारण पंधरा दिवसात होतो पण 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो, म्हणजे 16 ऑगस्टपर्यंत. रोमचं जे हॉटेल मावशीला आवडलं होतं त्याचं फुकट कॅन्सल 20 जुलैपर्यंतच होतं, ते सोडून दुसरं घेतलं ज्याला 8 सप्टेंबरपर्यंत मुभा. पॅरिसचं 2 सप्टेंबरपर्यंत, इंटरलाकेनचं 25 ऑगस्टपर्यंत. तिन्ही मुदती निर्णयाच्या पलीकडे, म्हणजे नकार आला तरी हॉटेलचा एक रुपया जात नाही. फुकट कॅन्सलची मुदत संपायची वेळ त्या देशाच्या घड्याळाप्रमाणे असते हे पण बघा, युरोपचं ठीक आहे, ते आपल्या मागं आहेत, पण जपानसारख्या ठिकाणी त्यांचे रात्रीचे 11.59 म्हणजे आपले साडेआठ पण झालेले नसतात.

नावाचं सांगतो. हॉटेलच्या व्हाउचरवर बुकिंग करणाऱ्याचं एकच नाव येतं आणि खाली नुसतं दोन प्रौढ. काकांचं नाव आलं, मावशीचं नाही, आणि मावशीची फाईल वेगळी असते, तिच्या फाईलीतल्या कागदावर तिचंच नाव नाही. म्हणून बुकिंगमध्ये जाऊन दुसऱ्या पाहुण्याचं नाव भरलं, एका हॉटेलात ती सोयच नव्हती तर हॉटेलला मेसेज टाकून त्यांच्याकडून दोन्ही नावांचा मेल मागवला आणि तो जोडला. स्पेलिंग पासपोर्टवर आहे तसंच, आपल्याकडे आधारला एक, पासपोर्टला एक असं असतं ना.

आणि कार्ड! हे कुणी सांगत नाही आणि आम्ही यातच अडकलो. हॉटेलवर पेमेंट असलं तरी हॉटेल कार्ड चालतं का ते तपासतं, कधी थोडी रक्कम अडवून ठेवून. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2020 पासून नवीन कार्डावर परदेशातला वापर बंदच असतो, आपण ॲपमध्ये जाऊन चालू करायचा. काकांनी केला नव्हता. पॅरिसच्या हॉटेलकडून मेल आला की कार्ड चालत नाही, 24 तासात बदला नाहीतर बुकिंग रद्द. मेल स्पॅममध्ये गेला होता, नशिबाने मी त्याच दिवशी बघितला. ते रद्द झालं असतं तर फाईल तिकडं टेबलावर आणि बुकिंग हवेत. म्हणून बुकिंगच्या आधी परदेशी वापर चालू करा, थोडी लिमिट ठेवा, आणि अपॉइंटमेंटनंतर दोन आठवडे रोज मेल आणि स्पॅम दोन्ही बघा.

तिकिटाला दोन सरळ मार्ग आहेत. एक, एअरलाइनचं होल्ड, म्हणजे थोडी फी भरून किंवा काही ठिकाणी फुकट, दोन-तीन दिवस भाडं धरून ठेवतात आणि पीएनआर मिळतो. हे खरं रिझर्व्हेशन आहे, पण आयुष्य कमी, फाईल उघडेपर्यंत मेलेलं असू शकतं, तर अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशीच घ्या आणि कव्हर लेटरमध्ये स्पष्ट लिहा की हे होल्ड आहे, व्हिसा मिळाल्यावर तिकीट काढणार. दुसरा, कॅन्सल होणारं भाडं. काकांना हेच बरं वाटलं. साधं भाडं माणशी 61,000 होतं, कॅन्सल केलं तर काही परत नाही, म्हणजे दोघांचे 1,22,000 अडकले (फक्त सरकारी टॅक्स आणि विमानतळाची फी परत द्यावी लागते, हे विमान कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या डीजीसीएच्या नियमात आहे, मागून घ्या). फ्लेक्स, म्हणजे कॅन्सल होणारं भाडं माणशी 66,500, कॅन्सलेशन माणशी 5,000. म्हणजे वर 11,000 दिले, आणि व्हिसा नाकारला असता तर तिकिटाचे 10,000 गेले असते, सव्वा लाख नाही. व्हिसाची फी माणशी 90 युरो आणि अर्ज घेणाऱ्या व्हिसा सेंटरचा चार्ज मात्र कशानेही परत येत नाही. पोर्टलवर "झिरो कॅन्सलेशन" म्हणून जे विकतात त्यात व्हिसा नाकारल्याचं कारण धरतात का ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

पाचशेच्या डमीचं मला खरंच वाईट वाटतं, कारण आपली साधी माणसं त्यात फसतात. यात दोन प्रकार असतात. एकात एजंट सिस्टीममध्ये खरा पीएनआर बनवतो पण तिकीट काढत नाही, तो एक-दोन दिवसात आपोआप मरतो. दुसऱ्यात नुसती पीडीएफ बनवलेली असते. ओळखायचं कसं, एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर पीएनआर आणि आडनाव टाका. तिकीट खरं असेल तर तिकीट नंबर 13 आकडी असतो आणि पहिले तीन आकडे एअरलाइनचे, एअर इंडियाचे 098, एमिरेट्सचे 176, लुफ्थान्साचे 220. कागदावर तिकीट नंबर छापलाय आणि साइटवर बुकिंगच सापडत नाही, तर ती बनावट आहे, ती लावू नका. मग नकार नुसता कागद कमी म्हणून येत नाही, माहिती विश्वासार्ह नाही म्हणून येतो, आणि युरोपच्या व्हिसा सिस्टीममध्ये ती नोंद पाच वर्षं राहते, पुढच्या प्रत्येक अर्जात दिसते.

फाईल जमा झाली की सगळं कॅन्सल करा, हे पण घातक. दूतावास हॉटेलला कधीही विचारू शकतो. व्हिसा मिळाल्यावर हॉटेल बदललं तर काही बिघडत नाही, पण मुख्य देश, म्हणजे सगळ्यात जास्त रात्रींचा, तोच राहिला पाहिजे आणि नवीन बुकिंगचे कागद जवळ पाहिजेत, कारण विमानतळावर उतरल्यावर सुद्धा कुठे राहणार ते विचारू शकतात, आणि दिलेला व्हिसा नंतर रद्द पण करता येतो.

होल्डवरचं तिकीट कुठं अजिबात चालत नाही तेही सांगतो. ज्या देशात जाऊन व्हिसा मिळतो तिथं, उदाहरणार्थ बालीला, परतीचं किंवा पुढचं तिकीट चेक-इन काउंटरवरच बघतात, कारण तिकडून परत पाठवलं तर आणायचा खर्च एअरलाइनच्या डोक्यावर. तिथं काढलेलं तिकीटच लागतं, आणि पुढचं तिकीट तिसऱ्याच देशाचं असेल तर त्या देशात आपल्याला प्रवेश आहे का हे पण विचारतात.

मावशी-काकांचे पासपोर्ट 17 जुलैला आले, दोघांचा व्हिसा झाला. दुसऱ्या दिवशी मावशीने रोमचं हॉटेल फुकटात कॅन्सल करून स्टेशनपासून लांबचं, शांत गल्लीतलं घेतलं, आणि नवीन व्हाउचरवर दोघांची नावं आहेत का ते स्वतः बघितलं.