26 टक्के आहेत म्हणून मीटिंगला न जाणाऱ्यांसाठी

"कंपनीत 51 टक्के शेअर म्हणजे मालक, कुठलाही ठराव पास. पण तुमच्याकडे 26 टक्के असतील तर घाबरू नका. डायरेक्टरला काढायला आणि कंपनीची जमीन-मशिनरी विकायला 75 टक्के लागतात. मीटिंगला जाऊच नका, न आलेल्यांची मतं विरोधात धरतात आणि ठराव आपोआप पडतो."

हा फॉरवर्ड माझ्या मामेभावाकडून आला, सोबत "बघ, माझं बरोबर होतं" असं लिहून. दादाची तिघा भागीदारांची प्रायव्हेट लिमिटेड आहे, त्याचे 26 टक्के, बाकी दोघांचं आता त्याच्याशी पटत नाही आणि त्यांनी ईजीएमची, म्हणजे शेअरहोल्डरांच्या खास मीटिंगची, नोटीस काढली आहे. आणि हा घरी बसायचं ठरवून मोकळा. कंपन्यांचं सेक्रेटेरियल काम रोज करते म्हणून सांगते, यातला शेवटचा सल्ला सगळ्यात घातक आहे, म्हणून आधी तोच घेते.

कंपनी कायदा 2013, कलम 114 उघडून वाचा, अर्ध्या पानाचं आहे. साधा ठराव म्हणजे पडलेल्या मतांमध्ये बाजूची मतं विरोधातल्या मतांपेक्षा जास्त. विशेष ठराव म्हणजे बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट. दोन्हीकडे मोजायची ती फक्त पडलेली मतं. एकूण शेअर किती, घरी कोण बसलं, कोण गप्प राहिलं, याचा हिशोबच नाही.

आता आकडे घ्या. एकूण 10,000 शेअर, एकाचे 4,000, दुसऱ्याचे 3,400, दादाचे 2,600. दादा गेलाच नाही तर बाजूने 7,400, विरोधात शून्य, विशेष ठरावसुद्धा बिनविरोध पास. कोरमचंही, म्हणजे किमान हजेरीचंही, अडत नाही, प्रायव्हेट कंपनीला दोन मेंबर हजर असले की पुरतं. तोच दादा गेला आणि विरोधात मत टाकलं तर 2,600 ची तिप्पट 7,800 होते, त्यांच्याकडे 7,400 आहेत, ठराव पडला. म्हणजे 26 टक्क्यांची ताकद आहे, एवढं मान्य करते, पण ती खोलीत जाऊन वापरली तरच. आणि बरोबर 25 टक्के असतील तर तेही पुरत नाहीत, कारण 7,500 हे 2,500 च्या नेमके तिप्पट, कायदा "किमान तिप्पट" म्हणतो, ठराव पास होतो.

स्वतः जमत नसेल तर प्रॉक्सी, म्हणजे आपल्या वतीने मत देणारा माणूस, पाठवता येतो, फॉर्म मीटिंगच्या 48 तास आधी कंपनीत पोचवायचा. पण इथे एक खड्डा आहे ज्यात लोक हमखास पडतात. प्रॉक्सीला हात वर करून मत देता येत नाही. हात वर करायच्या मतदानात माणशी एक मत, शेअर मोजत नाहीत. दोघांनी हात वर केले, दादाचा प्रॉक्सी बसून राहिला, झाला दोन विरुद्ध शून्य, आणि चेअरमनने तसं जाहीर करून मिनिट्समध्ये लिहिलं की तोच पुरावा धरला जातो. म्हणून प्रॉक्सीला आधीच सांगून ठेवायचं की निकाल जाहीर होण्याआधी किंवा जाहीर होताच उभं राहून पोल, म्हणजे शेअर मोजून मतदान, मागायचा. दहा टक्के मतं ज्याच्याकडे आहेत त्याने किंवा त्याच्या प्रॉक्सीने मागितला तर चेअरमनला तो घ्यावाच लागतो. (प्रायव्हेट कंपनीच्या आर्टिकल्समध्ये, म्हणजे तिच्या नियमावलीत, नोटीस, कोरम, प्रॉक्सी, पोल याबद्दल वेगळं लिहिलेलं चालतं, तेव्हा आपले आर्टिकल्स एकदा काढून बघा, कपाटात पडलेले असतात.)

डायरेक्टरला काढायला 75 टक्के लागतात हे कुणी सुरू केलं माहीत नाही, पण कलम 169 मध्ये स्पष्ट साधा ठराव लिहिलाय. 7,400 विरुद्ध 2,600, दादा हजर असो नसो, डायरेक्टरकी गेली. 75 टक्के लागतात ते दुसरी टर्म करत असलेल्या इंडिपेंडंट डायरेक्टरला मुदतीआधी काढायला, ती गोष्ट वेगळी. डायरेक्टरकडे जे आहे ते हे की ठरावाची स्पेशल नोटीस कंपनीला मीटिंगच्या किमान 14 दिवस आधी मिळायला हवी, तिची प्रत त्याला मिळायला हवी, आणि त्याला लेखी म्हणणं मांडायचा व मीटिंगमध्ये बोलायचा हक्क आहे. हे टाळलं असेल तर तिथे भांडता येतं, टक्क्यांवर नाही.

मुंबईतलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. टाटा सन्सने 6 फेब्रुवारी 2017 च्या ईजीएममध्ये सायरस मिस्त्रींना डायरेक्टर पदावरून काढलं, त्यांच्या कुटुंबाच्या कंपन्यांकडे 18 टक्क्यांच्या आसपास शेअर होते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनी पब्लिकची प्रायव्हेट करायचा विशेष ठरावही पास झाला. 18 च्या जागी 26 असते आणि विरोधात पडले असते तर दुसरा ठराव अडला असता, पहिला तरीही नाही.

जमीन-मशिनरीबद्दल फॉरवर्डमध्ये अर्धं खरं आहे. कलम 180 खाली कंपनीचा पूर्ण कारभार किंवा त्याचा मोठा हिस्सा विकायला विशेष ठराव लागतो, पण पब्लिक कंपनीला. प्रायव्हेटला 5 जून 2015 च्या नोटिफिकेशनने त्यातून सूट मिळाली, बोर्डच विकू शकतं. 2017 पासून एवढी अट आहे की ताळेबंद आणि वार्षिक रिटर्न वेळेवर भरलेले असले पाहिजेत. ज्या कंपनीने ते थकवलेत तिला ही सूट नाही, आणि ते एमसीएच्या, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, साइटवर कुणालाही बघता येतं.

51 टक्केवाल्यांचं थोडक्यात. हिशोब मंजूर करणं, ऑडिटर नेमणं, डायरेक्टर नेमणं-काढणं त्यांच्या हातात, हो. पण आर्टिकल्स बदलणं, कंपनीचं नाव बदलणं, रजिस्टर्ड ऑफिस दुसऱ्या गावी नेणं, बाहेरच्या माणसाला नवे शेअर देणं, हे सगळं विशेष ठरावानेच. नोटिशीत "विशेष ठराव म्हणून" असं लिहिलेलं नसेल तर शंभर टक्के मतं पडली तरी तो विशेष ठराव होत नाही.

आणि फॉरवर्डमध्ये ज्याचं नावही नाही ते म्हणजे राइट्स इश्यू. बाहेरच्याला शेअर द्यायला विशेष ठराव, पण आहे त्या मेंबरांना त्यांच्या प्रमाणात ऑफर करायला बोर्डाचा ठराव पुरतो, आणि ऑथराइज्ड कॅपिटल, म्हणजे शेअर काढायची कंपनीची कमाल मर्यादा, कमी पडत असेल तर ते वाढवायला आर्टिकल्समध्ये सोय असल्यास साधा ठराव. समजा 10,000 नवे शेअर काढले, दादाच्या वाट्याला 2,600 आले आणि त्याने पैसे भरले नाहीत. बाकी दोघांनी सगळे घेतले तर 20,000 मध्ये याचे 2,600, म्हणजे 13 टक्के. त्यांनी फक्त आपापले घेतले तरी 15 च्या आतच. त्यानंतर विशेष ठरावही अडवता येत नाही. हे मुद्दाम त्याला दाबायलाच केलं असेल तर एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, दाद मागता येते, दहा टक्के शेअर असले की अर्ज करता येतो, पण ते वर्षानुवर्षांचं काम आहे.

तेव्हा दादा, ऑफरचं पत्र आलं की बाजूला ठेवू नकोस. आधी मुदत किमान 15 दिवसांची असायची, एप्रिल 2021 पासून सात दिवसांचीही चालते. आणि ईजीएमला ये, नाहीतर प्रॉक्सी फॉर्म माझ्याकडे पाठव, मी भरून देते.