आठ लाखांतले साडेचार लाख हातात का ठेवायचे: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं: गृहकर्ज चालू असताना हाती आठ लाख आले, तर साडेतीन लाख कर्जात भरा आणि साडेचार लाख अडचणीसाठी हाताशी ठेवा. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

«आठ लाख भरले तर पंधरा लाख व्याज वाचतं. आणि तुम्ही सांगता साडेतीनच भरा, बाकीचे बाजूला ठेवा! एक्सेलही न उघडणारे लोक कर्जावर ब्लॉग लिहितात, कमाल आहे. अडचण आलीच तर टॉप-अप लोन घ्यायचं, त्यात काय एवढं? शिवाय कलम 24 वगैरेचा पत्ताच नाही.»

साहेब, एक्सेल मी रोज उघडतो, त्यावरच पोट आहे. पण मुद्दा खोडायला माणसाची अक्कल काढावी लागत नाही, एवढं तुमच्या वयाला कळायला हरकत नव्हती. असो.

तुमचा पंधरा लाखांचा आकडा बरोबर आहे, ते आधीच मान्य करतो. चाळीस लाख बाकी, साडेआठ टक्के, पंधरा वर्षं, हप्ता 39,390. आज आठ लाख भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज साधारण 121 हप्त्यांत संपतं. पण ही बचत हातात कधी पडते? दहा वर्षांनी, हप्ते थांबल्यावर. तोवर दर पाच तारखेला 39,390 जायचेच. गेल्या महिन्यात आठ लाख भरले म्हणून बँक पुढचे दोन हप्ते सोडत नाही. प्रीपेमेंट म्हणजे आगाऊ भरलेले हप्ते नव्हेत, ते मुद्दलातून कायमचं वजा होतं.

आता तुमचं ते ‘त्यात काय एवढं’. याच एका वाक्यामुळे मी उत्तर लिहायला बसलो.

टॉप-अप म्हणजे चालू गृहकर्जावर आणखी कर्ज. ते मागायला गेलात की बँक पहिल्यांदा गेल्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा मागते. नोकरी असेल तर मिळतं, पण नोकरी असताना ते लागतं कुणाला? 2020 साली आमच्या चाकणच्या प्लांटमध्ये कपात झाली, तेव्हा माझ्यासोबत एक सहकारी बाहेर पडला. त्याने थोड्याच दिवसांपूर्वी हाताशी होतं नव्हतं ते कर्जात भरलं होतं, तुमच्यासारखाच हिशोब करून. टॉप-अपसाठी गेला तर काउंटरवरच्या मुलीने फॉर्म परत सरकवला आणि ‘चालू नोकरीचं लेटर’ या ओळीवर पेन ठेवलं. संपलं. घराची किंमत कर्जाच्या दुपटीहून जास्त होती, पण त्याचा उपयोग शून्य. रिझर्व्ह बँकेने तेव्हा हप्ते ऑगस्टपर्यंत पुढे ढकलायची मुभा दिली होती म्हणून तो तगला, आणि तरी त्या काळातलं व्याज मुद्दलावर चढलंच. नंतर बायकोचे दागिने गहाण पडले. माझे हप्ते त्याच काळात एफडीतून गेले, एकही बाउन्स झाला नाही. आता सांगा, कागदी हिशोब कुणाचा?

एरवी अशी मुभा नसते. हप्ता बाउन्स झाला की तुमची बँक आणि कर्जाची बँक दोघी दंड लावतात, सिबिल स्कोअर पडतो. थकबाकी नव्वद दिवसांवर गेली की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज ठरतं, मग बँकेला घर ताब्यात घेऊ देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येऊ शकते. म्हणून हप्ता 39 हजार आणि घरखर्च साधारण 36, मिळून महिना 75 हजार, त्याचे सहा महिने म्हणजे साडेचार लाख. तो आकडा हवेतून आलेला नाही.

आणि हे साडेचार लाख हातात ठेवण्याची खरी किंमत किती? पंधरा लाखांशी तुलना करून भागत नाही, कारण बाकी साडेतीन लाख तर मीही भरायलाच सांगतो आहे. सात टक्क्यांची एफडी, तीस टक्के कराचा स्लॅब, म्हणजे हातात पावणेपाचच्या थोडं वर. कर्ज साडेआठचं. फरक पावणेचार टक्क्यांच्या आत. साडेचार लाखांवर वर्षाला साडेसोळा हजार, महिन्याला चौदाशेच्या आत. विम्याचा हप्ता समजा. बचत खात्यात ठेवलेत तर मात्र तोटा बराच वाढतो, हे मान्य. ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असेल तर हा वादच मिटतो: पैसे कर्जखात्यात टाका, व्याज वाचतं आणि लागले तर काढताही येतात. त्या कर्जाचा दर थोडा जास्त असू शकतो, तेवढं विचारून घ्या.

आता कलम 24, म्हणजे गृहकर्जाच्या व्याजावरची करसूट: राहत्या घराला जुन्या करप्रणालीत दोन लाखांपर्यंतच सूट, नव्यात तीही नाही. आठ लाख भरूनही पहिल्या वर्षीचं व्याज अडीच लाखांवर राहतं. म्हणजे सूट तेवढीच. म्हणून लिहिलं नव्हतं.

तुमची नोकरी डळमळीत असेल, तर साडेतीन लाख भरताना बँकेला मुदतीऐवजी हप्ता कमी करायला लेखी सांगा. तो 35,943 होतो. व्याज कमी वाचेल, पण महिन्याला साडेतीन हजारांचं ओझं लगेच उतरतं. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर प्रीपेमेंटचा दंड नसतो, त्यामुळे नोकरी स्थिरावली की उरलेले केव्हाही भरा. त्याला माझी हरकत कधीच नव्हती. पोस्ट शेवटपर्यंत वाचली असतीत तर तेही दिसलं असतं.